मी हरलो नाही, डावच तसा होता

रोज रात्री मी सॉलिटेअरचा एकच डाव खेळतो. शेवटचा. हा शेवटचा डाव साडेदहाला सुरू होतो आणि बाराच्या सुमारास त्याची दहावी-अकरावी आवृत्ती निघते. मग बायको आतून विचारते, "हरलात ना?" मी उत्तर देतो, "डावच तसा होता."

हे उत्तर मी अनेक वर्षं बिनदिक्कत वापरलं. सॉलिटेअर खेळणाऱ्याची ही सोय मोठी आहे. बुद्धिबळात हरलं की समोरचा माणूस हसतो, इथे समोर पत्ते असतात आणि पत्ते पिसणाराही आपणच. पण एका रात्री ती बाहेर येऊन उभी राहिली आणि तिने पुढचा प्रश्न विचारला, "शंभरातले किती डाव 'तसे' असतात?"

मी वही घातली. खऱ्या पत्त्यांनी, नेहमीचा प्रकार: खाली सात ढीग, पहिल्यात एक पान, सातव्यात सात, प्रत्येकाचं फक्त वरचं पान उघडं. उरलेली चोवीस पानं हातात, ती तीन-तीन करून उलटायची, कितीही वेळा. ढिगांवर लाल-काळं आलटून पालटून उतरत्या क्रमाने लावायचं आणि वर चार जागी एक्क्यापासून राजापर्यंत चढवत न्यायचं. शंभर डाव झाले. चौदा जिंकलो. म्हणजे माझ्या हिशेबाने शंभरातले शहाऐंशी डाव तसे होते.

मग मी वाचायला लागलो. तिथेच घात झाला.

या प्रकाराचे साधारण 82 टक्के डाव जिंकता येण्याजोगे असतात. चार्ली ब्लेक आणि इयन जेंट या दोघांनी स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात केलेलं हे काम आहे आणि त्यांच्या आकड्यातली अनिश्चितता टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीच आहे. म्हणजे जन्मतः मेलेले डाव शंभरात अठरा. माझ्या शहाऐंशी पराभवांतून अठरा वजा केले की अडुसष्ट उरतात. ते कोणाचे, हे बायकोने विचारलं नाही. ती फक्त वहीकडे बघून आत गेली.

मी वकिलाच्या चिकाटीने आकड्यातच खोट शोधायला बसलो. पहिला मुद्दा असा, की हे मोजलं कसं? बावन्न पानं मांडण्याच्या रीती म्हणजे 8 या आकड्यापुढे 67 आकडे. तेवढे डाव कोणीही तपासलेले नाहीत, तपासणारही नाही. सूत्रात बसवून उत्तर काढावं, तर तेही जमत नाही, कारण इथे एका पानाची चाल दुसऱ्या पानावर अवलंबून असते आणि दुसऱ्याची पहिल्यावर. स्टॅनिस्लॉ उलाम हा गणितज्ञ 1946 साली आजारातून उठत होता आणि पडल्या पडल्या सॉलिटेअर खेळत होता. डाव सुटण्याची शक्यता किती, याचं गणित मांडायचा त्याने बराच प्रयत्न केला आणि शेवटी त्याच्या मनात आलं की त्यापेक्षा शंभर डाव मांडावेत आणि किती सुटतात ते सरळ मोजावं. याच विचारातून पुढे माँटे कार्लो पद्धत उभी राहिली, जी आधी अणूच्या गाभ्यातल्या गणितांना वापरली गेली. आजारपणात खेळलेले माझे डाव कुठल्याही विज्ञानाच्या उपयोगी पडले नाहीत, हे बायकोला सांगण्यात अर्थ नव्हता.

तर मोजण्याची रीत ही: पत्ते नीट पिसून भरपूर डाव मांडायचे, प्रत्येकाचा निकाल लावायचा आणि टक्केवारी काढायची. शंभर डावांत चूक बरीच राहते. खरा आकडा 82 असला तरी एखाद्याच्या शंभरात चौऱ्याहत्तर चांगले निघतील, दुसऱ्याच्या शंभरात नव्वद. मी लगेच धावत आत गेलो. "अगं, माझ्या शंभरात सव्वीस डाव वाईट असू शकतात!"

"मग उरले साठ," ती म्हणाली.

चूक दहापट कमी करायची तर डाव शंभरपट लागतात, ही या धंद्यातली मोठी अडचण. टक्क्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत पोचायला साडेपाच लाखांहून जास्त डाव मांडावे लागतात. मी एका डावाला पाच मिनिटं धरून रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता बसलो, तर सोळा वर्षं लागतील. ही कल्पना मला फारशी वाईट वाटली नाही, पण घरात मांडली नाही.

म्हणून हे काम संगणकाचा प्रोग्रॅम करतो, आणि इथे माझा दुसरा मुद्दा निघाला. प्रोग्रॅमला पालथी पानंही दिसतात! तो एक चाल करून बघतो, पुढे अडला की मागे येतो, दुसरी करून बघतो, आणि एकदा पाहिलेली स्थिती लक्षात ठेवतो म्हणजे त्याच गल्लीत पुन्हा शिरायला नको. एक वाट सापडली की डाव जिंकण्याजोगा ठरला, पुरावा हातात. पण डाव मेलेला आहे असं म्हणायचं तर सगळ्या वाटा बंद असल्याची खात्री करावी लागते. बहुतेक वेळा ती होते. काही डाव मात्र इतके फाटे फोडतात की ठरवून दिलेला वेळ नाहीतर स्मृती संपते आणि निकाल लागत नाही. प्रामाणिक माणूस हे डाव फेकून देत नाही. ते सगळे मेलेले धरले तर खालचा आकडा मिळतो, सगळे जिवंत धरले तर वरचा, आणि खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. मलाही ही तिसरी वर्गवारी फार आवडली. मी वहीत 'अनिर्णित' असा रकाना आखला आणि त्या रात्रीचे सगळे पराभव तिकडे हलवले.

तर 82 टक्के म्हणजे सगळी पानं दिसत असताना, एकही चूक न करता. पालथ्या पानांशी अंदाजाने झुंजणाऱ्या माणसाला इतके डाव जिंकता येणार नाहीत, कारण दोन सारख्या दिसणाऱ्या चालींतली कुठली बरोबर हे खालचं पान ठरवतं आणि ते उलटेपर्यंत उशीर झालेला असतो. उत्तमातला उत्तम खेळाडू असे किती जिंकेल, याचा नेमका आकडा काढणं हे वेगळंच आणि जास्त अवघड काम आहे.

या सगळ्या वाचनात माझ्या जखमेवर फुंकर घालणारी एकच गोष्ट सापडली. पर्सी डायकोनिस (हा गणितज्ञ होण्याआधी जादूगार होता, म्हणजे पत्त्यांशी जुनी ओळख) आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2004 साली याच खेळावर एक निबंध लिहिला. त्यात एका नावाजलेल्या अमेरिकन गणितज्ञाची वही आहे. या गृहस्थांनी सगळी पानं माहीत असलेल्या प्रकारात दोन हजार डाव खेळून नोंदवले, एकेका डावाला सरासरी वीस मिनिटं देऊन. जिंकले 36.6 टक्के. पानं उघडी, डोकं गणितज्ञाचं, वेळ भरपूर, तरी निम्म्याहून जास्त जिंकण्याजोगे डाव त्यांनी घालवले. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

पण शहाऐंशींतले माझे अठरा कुठले, हे कळल्याशिवाय चैन पडेना. म्हणून मी हरलेल्या डावाचं शवविच्छेदन सुरू केलं. हरलो की पत्ते गोळा करायचे नाहीत, पालथी पानं एकेक उलटून मृत्यूचं कारण शोधायचं. बहुतेकदा कारण एका जागी सापडत नाही. चार ढीग एकमेकांना अडवून बसलेले असतात, एक म्हणतो आधी तू हल, दुसरा म्हणतो आधी तू. तशी गाठ हाताने सोडवून दाखवणं मला जमत नाही. तिथे मला मान्य आहे, प्रोग्रॅमच हवा.

आणि मग परवा तो सापडला. निखळ, निर्दोष, जन्मतः मेलेला डाव.

सातव्या ढिगावर उघडी इस्पिकची अठ्ठी होती. ती हलायची तर दोनच मार्ग. एक, लाल नव्वीवर बसणं, आणि लाल नव्व्या पत्त्यांत दोनच: बदामची आणि चौकटची. दुसरा, वर चढणं, पण त्याआधी इस्पिकचा एक्का ते सत्ती सगळे चढलेले हवेत. आता तिच्याखालची सहा पानं मी उलटली: किलवरचा गुलाम, बदामची नव्वी, चौकटची तिर्री, इस्पिकची दुर्री, किलवरची पंजी, चौकटची नव्वी. दोन्ही लाल नव्व्या खाली! इस्पिकची दुर्रीही खाली! अठ्ठी हलल्याशिवाय ती पानं निघणार नाहीत आणि ती निघाल्याशिवाय अठ्ठी हलणार नाही. कुलपाची किल्ली कुलूपबंद पेटीत. या डावात बाकी पंचेचाळीस पानं कशीही येवोत, देवाने स्वतः खेळला तरी सुटणार नाही, आणि हे सिद्ध करायला कुठलाही प्रोग्रॅम लागत नाही, चार पानं पुरतात.

मी बायकोला उठवून आणलं. रात्रीचे बारा वाजले होते, पण निर्दोष सुटलेल्या माणसाने घड्याळ बघू नये. अठ्ठी दाखवली, नव्व्या दाखवल्या, दुर्री दाखवली. तिने सगळं शांतपणे ऐकलं. पटलंही तिला.

"म्हणजे पहिलं पान हलवायच्या आधीच हा डाव गेला होता?"

"आधीच! पिसतानाच!" मी म्हणालो.

"आणि बाकीचे सहा ढीग तुम्ही पूर्ण उघडले होते."

"पूर्ण. एक पान पालथं ठेवलं नव्हतं." हे मी जरा अभिमानाने सांगितलं.

"हातातली चोवीस पानंही बघून झाली होती."

"कितीदा तरी."

"मग त्यात कुठेच लाल नव्वी दिसली नाही तेव्हा दोन्ही नव्व्या अठ्ठीखालीच असणार, हे तेव्हाच कळायला हवं होतं ना? इस्पिकची दुर्रीही तिथेच. मग त्यानंतर अर्धा तास तुम्ही हातातली पानं तीन-तीन करून काय शोधत होतात?"

लाल नव्वी शोधत होतो. हे मी बोललो नाही.

ती आत गेल्यावर मी वही उघडली आणि त्या डावापुढे ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'डावाचा दोष.' वेळेचा रकाना वहीत नाही.