नंतर आलेला मुलगा आधी आत का गेला

‘ताई, बाबांचा मनगटाकडचा हात मोडलेला, आणि आम्ही कॅज्युअल्टीत तीन तास बाकावर. आमच्यानंतर एक पोरगा स्वतःच्या पायांनी चालत आला, त्याला थेट आत घेतलं. ह्याला तुमच्याकडचं ट्रायेज म्हणायचं की आमच्याकडचा वशिला?’ – फोंड्याहून चुलतभाऊ, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर.

ट्रायेज म्हणजे आलेल्यांपैकी कोणाला आधी आत घ्यायचं ते दुखण्याच्या गंभीरपणावरून ठरवणं. इंग्लंडमधल्या एका इस्पितळात मी त्या टेबलावर बसते, त्याला आता सहा वर्षं होतील. तिथं बसणाऱ्यानं सगळ्यात आधी एक सवय मोडायची असते: चालत आला म्हणजे बरा आणि ओरडतोय म्हणजे गंभीर, असं समजण्याची.

गेल्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ सांगते. सायकलवरून पडलेला विशीतला मुलगा सात वाजता चालत आला. हँडल डाव्या कुशीत घुसलं होतं. नाडी 96, वरचा रक्तदाब 124, श्वास ठीक, बोलणं स्वच्छ. दुखतंय, पण सहन होतंय म्हणाला. आम्ही मँचेस्टर पद्धत वापरतो. तिच्यात पाच रंग असतात. लाल म्हणजे याच क्षणी, नारिंगीला डॉक्टरनं 10 मिनिटांत बघायचं, पिवळ्याला 60, हिरव्याला 120 आणि निळ्याला 240. मी त्याला पिवळा दिला आणि माझ्या नजरेसमोरच्या खुर्चीवर बसवलं.

त्याच्याआधी पाच वाजल्यापासून एक बाई बसल्या होत्या, मनगट मोडलेल्या. अगदी काकांसारख्याच. त्यांची बोटं गरम होती, हलत होती, नखांचा रंग ठीक होता, म्हणजे हाताचा रक्तपुरवठा शाबूत. मी टेबलावरच फळी बांधली, दुखण्याची गोळी दिली, हात झोळीत घातला आणि हिरवा दिला.

पन्नास मिनिटांनी मुलाला परत तपासलं. नाडी 122. रक्तदाब अजून 118, म्हणजे कागदावर चांगलाच. पण ओठ पांढरे पडले होते आणि तो म्हणाला, ‘डावा खांदा दुखायला लागलाय.’ खांद्याला तर काहीच लागलं नव्हतं. पोटात रक्त साचून छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टोचायला लागलं की खांदा दुखतो. तरुण शरीर नाडी वाढवून रक्तदाब बराच वेळ धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं, म्हणून अशा मुलाचा चांगला रक्तदाब बघून स्वस्थ बसायचं नसतं. मी रंग बदलून लाल केला आणि दोन मिनिटांत तो आत होता. प्लीहा फाटलेली निघाली.

बाई उठून उभ्या राहिल्या. ‘मी पाचला आले आहे’, म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. त्यांना रात्री साडेनऊला आत घेतलं.

तेव्हा भावा, तुझ्या डोळ्यांसमोर जे घडलं ते याच जातीचं असू शकेल. नसूही शकेल. त्या मुलाची नाडी मी पाहिलेली नाही, आणि गोव्यात ओळखीनं दारं उघडतात हे मलाही लहानपणापासून ठाऊक आहे. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. तीन तासांत काकांचा हात कोणी बांधला नाही, दुखण्यावर काही दिलं नाही आणि एकदाही येऊन बोटं पाहिली नाहीत. मनगट मोडलेल्या माणसानं थांबावं हे मी मान्य करीन, पण बोटं गार आणि बधिर व्हायला लागली तर तोच हिरवा माणूस नारिंगी होतो. ते कळायला कोणीतरी बाकापर्यंत यायला हवं. पहिल्यांदा रंग दिला आणि मग विसरून गेले, तर ते ट्रायेज नव्हे, नुसती नवी रांग.

ग्रुपवर धाकट्या काकांनी तोडगा सांगितला: ‘108 बोलवायची. गाडीतून गेलास की थेट आत.’ हे अर्धंच खरं आहे. गाडीतले लोक वाटेत नाडी-रक्तदाब मोजतात, खरंच जीवावरचं असेल तर पुढं कळवून ठेवतात, म्हणून तसा रोगी थेट जातो. पण पाय मुरगळलेला माणूस गाडीतून आला तरी आमच्याकडे तो त्याच टेबलासमोरून जातो आणि पुष्कळदा त्याच खुर्चीवर बसतो. सगळे 108 नं यायला लागले तर ती गाडी ज्याच्यासाठी आहे त्याला मिळणार नाही.

2025च्या जूनमध्ये बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जे झालं ते मी इथं फोनवर पाहिलं. बी-12च्या इंजेक्शनसाठी आलेल्या वृद्ध बाईंना कॅज्युअल्टीत ते दिलं नाही म्हणून आरोग्यमंत्र्यांनी ड्यूटीवरच्या डॉक्टरला कॅमेऱ्यासमोर झापलं, निलंबनाचे आदेश दिले. डॉक्टर संपाच्या तयारीत उभे राहिले, मुख्यमंत्र्यांनी निलंबन होणार नाही म्हटलं, मंत्र्यांनी माफी मागितली. आपली सगळी चर्चा उद्धटपणावर झाली. बी-12चं इंजेक्शन तासाभरानं किंवा दुसऱ्या दिवशी घेतलं तर जीव जात नाही, तेव्हा ते कॅज्युअल्टीचं काम नव्हे, हे डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. पण ‘इथं नाही’ म्हणताना ‘मग कुठं, किती वाजता’ हे सांगणारं टेबल दारातच असायला हवं. म्हाताऱ्या माणसाला ओपीडी आणि कॅज्युअल्टी यांतला फरक घरून माहीत असावा, अशी अपेक्षा मी करणार नाही.

इथलं सगळं गोड आहे असं मात्र कोणी समजू नये. चार तासांत रोग्याचा निकाल लावायचा हे इथलं सरकारी उद्दिष्ट वर्षानुवर्षं पाळलं जात नाही. आमच्या कॉरिडॉरमध्ये लोक रात्रभर स्ट्रेचरवर असतात. पिवळ्याचा तास कित्येकदा तीन तासांचा होतो. वर वॉर्डात खाट रिकामी नसेल तर माझ्या रंगांनी ती निर्माण होत नाही. अशा रात्री दया येऊन दोघातिघांना नारिंगी देऊन टाकावं असं वाटतं. सुरुवातीला मी तसं केलंही. मग नारिंगीत बाराजण जमले आणि त्यातला खरा नारिंगी बारावा झाला.

भारतात हे नाहीच, असंही नाही. दिल्लीच्या एम्सनं लाल, पिवळा, हिरवा अशी तीन रंगांची स्वतःची पद्धत बसवली आहे. गर्दीच्या कॅज्युअल्टीला पाचांपेक्षा तीन रंग बरे, असं मला वाटतं.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं, तर काकींचा पहिला प्रश्न आला: ‘मग माझ्या गुडघ्याला कुठला रंग?’ चार वर्षांचा गुडघा आहे. मी लिहिलं, काकी, तुमच्या गुडघ्याला ओपीडी. त्या रुसल्या, पण सोमवारी जाणार आहेत.

शेजारच्या निवृत्त मेट्रनबाईंनी मात्र मला रात्री फोन केला. तीस वर्षं त्यांनी रात्रपाळ्या केल्या. ‘तू म्हणतेस ती बाकांवरची फेरी आम्ही मारायचो बाय, कागद-रंग काही नसताना. पण एका पाळीत दोन सिस्टर, आणि एक जण आत टाके घालायला धरून ठेवलेली. फेरी कोण मारणार?’ मी विचारलं, एखादी मुलगी फक्त नाडी मोजायला आणि बोटं बघायला बाहेर ठेवली तर? ‘ठेवतील,’ त्या म्हणाल्या, ‘आणि पहिल्याच आठवड्यात तिला केसपेपर फाडायला बसवतील.’

काकांचा हात आता प्लास्टरमध्ये आहे. बोटं हलतात का, एवढं मी रोज विचारते.