पीस रेटचा अर्ज देण्याआधी एका कामगाराचा हिशेब बघा

"कामगार बंधूंनो, जागे व्हा! १) पीस रेटवर माणूस नेहमीच जास्त कमावतो. २) टाइम रेट म्हणजे कामचुकारांचा पगार. ३) प्रीमियम बोनस म्हणजे तुमच्या कष्टाचे अर्धे पैसे मालकाच्या खिशात. ४) हॅल्से काय नि रोवन काय, दोन्ही एकच. आजच पीस रेट मागा. मेसेज पुढे पाठवा."

माझा भाचा शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर आहे. त्याला आज रोवन या प्रीमियम बोनस पद्धतीने हजेरीवर बोनस मिळतो. हा मेसेज त्याच्या ग्रुपवर आला आणि त्याने मला फोन केला, "मामा, पीस रेटसाठी अर्ज देऊ काय? आमच्यातल्या चौघांनी दिला." त्या चौघांपैकी एकानेही कागद-पेन घेतलं नव्हतं, याचा मला संताप आला. म्हणून हिशेब इथे सविस्तर मांडतोय. आकडे सोपे जावेत म्हणून गोल केलेत, पण काम त्याच्याच मशीनवरचं आहे.

काम ब्रेक ड्रमचं. एका ड्रमला ठरवून दिलेला वेळ १२ मिनिटं, म्हणजे आठ तासांच्या शिफ्टला ४० ड्रम. तासाचा दर ८० रुपये, दिवसाची हजेरी ६४०. याच दराने पीस रेट काढला तर नगाला १६ रुपये पडतात. आता पोराने हात चालवून शिफ्टला ५० ड्रम काढले असं धरा. पन्नास ड्रमना ठरलेला वेळ १० तास, लागले ८, वाचले २. टाइम रेटवर त्याला ६४० च मिळतील. पीस रेटवर ८००. हॅल्सेमध्ये वाचलेल्या दोन तासांच्या मजुरीतली निम्मी, म्हणजे ८० रुपये वर, एकूण ७२०. रोवनमध्ये ठरलेल्या वेळेपैकी जितका हिस्सा वाचला तितक्याच हिश्श्याने हजेरी वाढते. इथे दहा तासांतले दोन, म्हणजे पाचवा हिस्सा वाचला, म्हणून ६४० चा पाचवा हिस्सा १२८ मिळून ७६८.

इथवर मेसेज बरोबर आहे, तेवढं मान्य करतो. चांगल्या दिवशी पीस रेटच वर राहतो. पण मेसेज लिहिणाऱ्याने फक्त चांगला दिवस बघितलाय.

फाउंड्रीतून कडक लॉट येतो तो दिवस बघा. स्किनवर वाळू चिकटलेली, आत हार्ड स्पॉट, दर दहा-बारा ड्रमला इन्सर्टची टिप उडते. टिप बदला, ऑफसेट द्या, पहिला जॉब काढून बोअर गेजने तपासा, मग पुढे. एखाद्या ड्रमचं मशीनिंग पूर्ण होत आल्यावर आतला ब्लो होल उघडा पडतो. तो सीआरमध्ये, म्हणजे कास्टिंग रिजेक्शनमध्ये जातो. दोष फाउंड्रीचा, पण पोराची १२ मिनिटं गेलीच, आणि पीस रेटवर अशा नगाचे पैसे द्यायचे की नाही यावरून सुपरवायझरशी वाद ठरलेला. त्यात तासभर लाइट गेली की शिफ्टला ३० ड्रम निघाले तरी पुष्कळ. त्या दिवशी टाइम रेट, हॅल्से, रोवन तिन्हींत ६४० रुपये हातात येतात, कारण वेळ वाचला नाही तर बोनस नाही, पण हजेरी कापली जात नाही. पीस रेटवर मिळतात ४८०.

म्हणजे चांगल्या दिवशी पीस रेट रोवनपेक्षा ३२ रुपये जास्त देतो आणि वाईट दिवशी १६० रुपये कमी. पाच चांगल्या दिवसांची जादा कमाई एक वाईट दिवस खातो. २६ दिवसांच्या महिन्यात १६ दिवस पन्नास ड्रमचे, ४ दिवस चाळीसचे आणि ६ दिवस तीसचे धरले, तर पीस रेटवर १८,२४० रुपये होतात आणि रोवनवर १८,६८८. हॅल्सेवर १७,९२० आणि नुसत्या टाइम रेटवर १६,६४०. "नेहमीच" हा शब्द इथेच निकालात निघतो.

"पण कायदा आहे की," असं भाच्याचं म्हणणं. आहे. किमान वेतन अधिनियम १९४८ चं कलम १७ सांगत होतं की ज्या कामाला किमान पीस रेट न ठरवता वेळेचा किमान दर ठरवलाय, तिथे नगावर काम करणाऱ्यालाही त्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही. आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही ही तरतूद कायम ठेवली आहे. पण हे संरक्षण सरकारी किमान दरापुरतं आहे, त्याच्या ८० रुपयांच्या तासाला नाही. किमान दर आणि हजेरी यांच्यातला फरक पीस रेट घेणाऱ्याने स्वतःच सोडलेला असतो.

दुसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. टूल रूममध्ये फिक्श्चर बनवणारा, मेंटेनन्सचा फिटर, तपासणीवरचा माणूस यांचं काम नगात मोजता येत नाही, म्हणून त्यांना टाइम रेट. त्यांना कामचुकार म्हणणाऱ्याने तपासणीवरच्या माणसाला नगावर पैसे देऊन बघावेत, काय काय पास होऊन बाहेर जातं ते कळेल.

तिसऱ्यात अर्धं खरं आहे. हॅल्सेमध्ये वाचलेल्या वेळेची निम्मी मजुरी मालकाकडे राहते. पण ती का ठेवली ते विचारा. फ्रेडरिक हॅल्से या अमेरिकन इंजिनिअरने १८९१ मध्ये ही पद्धत मांडली. पीस रेटवर कामगार जास्त कमवायला लागला की मालक दर कापतो, आणि दर कापला जाणार हे माहीत असल्याने कामगार मुद्दाम हात आखडतो, हे दुखणं त्याला मोडायचं होतं. फायद्यात मालकाचा वाटा राहिला तर दर कापायची घाई होत नाही, हा त्याचा विचार. दर कधीच कापला जात नाही असं मी म्हणत नाही. पण ५० ड्रम रोज निघायला लागल्यावर १६ चे १४ व्हायला पीस रेटमध्ये फार वेळ लागत नाही, आणि १४ रुपयांनी ५० ड्रमचे ७०० होतात, म्हणजे हॅल्सेपेक्षाही कमी.

चौथा मुद्दा तर सरळ चूक. ठरलेल्या वेळेच्या निम्म्याहून कमी वेळ वाचला तर रोवन जास्त देतो, बरोबर निम्मा वाचला तर दोन्ही सारखे, आणि त्याच्या पुढे हॅल्से वर जातो. आता भाच्याच्या मशीनचा सायकल टाइम साडेसात मिनिटं आहे. तो प्रोग्रॅमने बांधलेला, हात कितीही चालवला तरी कमी होत नाही. जॉब लावणं-काढणं, चिप साफ करणं, गेज लावणं एवढ्यातच वेळ वाचतो. हे सगळं शून्य मिनिटांत झालं असं धरलं तरी शिफ्टला ६४ च ड्रम, म्हणजे साडेसदतीस टक्केच बचत. निम्म्यापर्यंत तो कधी पोचणारच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी रोवन हॅल्सेपेक्षा कायम चांगला.

रोवनमध्ये त्याने खरं भांडावं ते वेगळ्याच गोष्टीवर. बोनस रोजचा काढतात की महिन्याचा एकत्र? वरच्याच महिन्यात ११४० ड्रमना ठरलेला वेळ २२८ तास आणि लागले २०८. एकत्र हिशेब केला की वाईट दिवस चांगल्या दिवसांची बचत खातात, रोवनचे १८,६८८ खाली येऊन साधारण १८,१०० होतात आणि मग पीस रेट वर जातो. रोजचा हिशेब असेल तर मागच्या तीन महिन्यांच्या जॉब कार्डवरून पन्नासचे दिवस आणि तीसचे दिवस मोजायचे. पन्नासचे दिवस तीसच्या दिवसांच्या पाचपटीहून जास्त भरले, तरच अर्ज लिहायला घ्यायचा.