बाटली नाही, कुंदा नाही, दिवाळी अंक!

१५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, आमच्या गल्लीतल्या वाचनालयाची सभासद नोंदणी आहे. डॉ. कलामांच्या जन्मदिवशी महाराष्ट्र सरकार हा दिवस २०१५ पासून पाळतं. आम्ही बेळगावात, म्हणजे कर्नाटकात, त्यामुळे आमच्याकडे ना परिपत्रक येतं ना सरकारी बॅनर. आपणच टेबल मांडायचं आणि पावतीपुस्तक घेऊन बसायचं.

आधी पैशाचं सांगतो, म्हणजे इनबॉक्समध्ये विचारायला नको. प्रवेश फी २० रुपये. अनामत ३०० रुपये, ती परत मिळते. वर्गणी महिन्याला ४० किंवा वर्षाचे एकदम ४००. पंधरा वर्षांखालच्या मुलांना अनामत १०० आणि वर्षाचे १००. दिवाळी अंक योजनेचे २५० वेगळे.

अनामतीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण तोंड आमचंच पोळलंय. पूर्वी एका कमिटीनं अनामतीच्या पैशातून लोखंडी रॅक घेतले. रॅक चांगले आहेत, आजही आहेत. पण पुढे पुण्याला बदली झालेले एक काका पावती घेऊन आले, "अनामत द्या," म्हणाले, आणि कपाटात निघाले एकशे दहा रुपये. शेवटी दोघांनी खिशातून भरले. अनामत ही वाचनालयाची मिळकत नव्हे, ते लोकांचं देणं आहे. म्हणून आता तिचं बँकखातं वेगळं, आणि पावतीवर शिक्का: 'परतीयोग्य'. तुम्ही पावती जपा. ती हरवली तर आम्हाला रजिस्टर उपसायला लागतं.

आता नव्या सभासदाला द्यायच्या भेटीचा विषय. यावर मीटिंगमध्ये दीड तास गेला. एकाचं म्हणणं, स्टीलची पाण्याची बाटली द्या. दुसरा म्हणाला, "सर, कुंदा द्या की, लोक पळत येतील." येतील हो, पण कुंदा संपला की जातीलही. मागल्या वर्षी आम्ही छत्री दिली होती. त्या दिवशी चौतीस जण झाले. संक्रांतीला मी रजिस्टर उघडलं, तर नोव्हेंबरनंतर पुस्तक बदललेले अकरा. बाकीच्यांनी वर्षाची वर्गणी भरली नव्हती, एका महिन्याचे चाळीस देऊन छत्री नेली होती. त्यात एक छत्री साठ रुपयांची, म्हणजे वर्गणी आणि प्रवेश फी धरून हिशेब शून्य. अनामत तर परतच द्यायची.

म्हणून यंदा नव्या सभासदाला गेल्या वर्षीचा एक दिवाळी अंक भेट, तो स्वतः निवडायचा. मराठीत दिवाळी अंकाची चाल १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची, पण वर्ष उलटलं की अंक कपाटाच्या वरच्या फळीवर जातो आणि तिथून रद्दीत. पुण्या-मुंबईहून पार्सल मागवून आणलेला, बारा-पंधरा जणांनी वाचलेला अंक किलोवर विकताना माझ्या पोटात कालवाकालव होते. त्यापेक्षा नव्या माणसाच्या घरी गेलेला बरा. आणि ज्याला जुना अंक नकोसा वाटतो, तो वाचायला आलेला नाही, हेही तिथल्या तिथे कळतं. (हे वाक्य सेक्रेटरींना आवडणार नाही.)

नव्या अंकांचं गणित मात्र ध्यानात घ्या. यंदा तीस अंक घेणार आहोत. सवलत धरून एकाला साधारण साडेतीनशे पडतात, म्हणजे साडेदहा हजार. एक अंक चार दिवसांसाठी. दिवाळीपासून जानेवारीअखेर ऐंशी दिवस धरले, तर एका अंकाला कागदावर वीस वाचक मिळतात. प्रत्यक्षात बारा, कारण कुणी आठ दिवस ठेवतो, कुणाच्या घरी लग्न निघतं. तीसही अंक सारखे फिरत नाहीत. पाच-सहांवर सगळ्यांच्या उड्या आणि बाकीच्यांतले दहा मुखपृष्ठासकट कोरे राहतात. म्हणून योजनेत चाळीसच जण घेणार. पंचेचाळीसाव्या माणसाचे पैसे घेऊन फेब्रुवारीत अंक देणं ही फसवणूक आहे. उशीर झाला तर दिवसाला दोन रुपये दंड, माफी नाही, मला स्वतःलासुद्धा.

मुलांबद्दल एकच गोष्ट. आमच्याकडची बरीच पोरं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात. घरी मराठी फडाफडा बोलतात, वाचताना अडतात. अशा मुलाला जाड पुस्तक देऊन आईनं शेजारी 'वाच, वाच' करत बसू नये. मोठ्या टायपाची, चित्रांची पुस्तकं खालच्या दोन फळ्यांवर मुद्दाम काढून ठेवली आहेत. सातवीतल्या पोरानं दुसरीचं पुस्तक नेलं, तर काउंटरवर कुणी हसणार नाही. मुलांना भेट म्हणजे मुलांसाठीचा जुना दिवाळी अंक, नसेल तर गोष्टीचं पुस्तक.

टेबल सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. आधार कार्डाची झेरॉक्स आणि एक फोटो आणा. आणि शक्यतो सुटे पैसे. मागल्या वर्षी पाचशेच्या नोटा मोडायला मला चार वेळा किराणा दुकानात पळावं लागलं, आणि चौथ्या वेळी त्यानं मला साखर घ्यायला लावली.