दाढीवाला काय म्हणाला?

परदेशात राहणाऱ्या नातवाचं दिवाळीतलं मुख्य काम पोस्टमनचं असतं. घरून आलेले फोटो ऑफिसात दाखवायचे आणि ऑफिसातले उद्गार गोळा करून घरी पोचते करायचे. फराळाच्या फोटोंचं हे काम सोपं असतं. चकली खुसखुशीत झालीय की नुसतीच खुटखुटीत, हे फोटोवरून कुणाच्या बापाला कळत नाही, त्यामुळे 'सगळ्यांना आवडली' एवढ्यावर भागतं. रांगोळीचं तसं नाही. रांगोळी फोटोत अख्खी दिसते. निदान आजीचं तसं मत आहे.

माझी आजी वाईला असते आणि मी श्टुटगार्टला. २०२५ च्या दिवाळीत नरकचतुर्दशी सोमवारी आली, म्हणजे मला सुट्टी नाही. घड्याळात साडेतीन तासांचं अंतर. तिकडे पहाटे सहाला अंगणात गेरू वाळून, रांगोळी पुरी होऊन, काकाने स्टुलावर चढून फोटो काढला तेव्हा इकडे रात्रीचे अडीच वाजले होते. स्टुलाचा हट्ट आजीचा. बाजूने फोटो काढला की षटकोनाची पोळी होते म्हणे, त्यामुळे फोटो बरोब्बर वरूनच हवा. फोटोत काकाचा अंगठा आला होता, पण तो कोपऱ्यात होता आणि रांगोळीच्या बाहेर होता, म्हणून आजीने तो चालवून घेतला. सोबत निरोप होता : 'हापिसात दाखव. काय म्हणतात ते कळव.'

मी तो सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत अकरा बदाम आणि सात टाळ्या आल्या. कुणी 'व्हुंडरशोन' म्हणालं. कुणी 'काय सुंदर रंग!' म्हणालं. 'तुझ्या आजीला सलाम सांग' असं तर तिघांनी लिहिलं. समोरच्या टेबलावर एक दाढीवाला बसतो, मितभाषी माणूस, त्याने खुर्ची मागे सरकवून फोटोकडे चांगली पाच सेकंदं पाहिलं आणि म्हणाला, "झेर शोन." म्हणजे खूप सुंदर. मला भरून आलं. परक्या देशात आपल्या आजीच्या रांगोळीला इतकं प्रेम मिळतंय म्हटल्यावर मी त्या भरात एक कॉफी जास्त प्यालो.

संध्याकाळी फोन आला.

"काय म्हणाले?"

"सगळ्यांना खूप आवडली गं आजी."

"ते झालं. म्हणाले काय?"

"सुंदर आहे म्हणाले. रंग फार छान आहेत म्हणाले."

"रंग दुकानातले आहेत. रांगोळीला काय म्हणाले?"

इथे मी गडबडलो. आजीची बाजू अशी होती : ती रांगोळी १५ ते ८ ठिपक्यांची होती. मधली ओळ पंधराची, तिच्या वर आणि खाली चौदा-चौदा, मग तेरा-तेरा, असं कमी कमी करत दोन्ही टोकांना आठ. प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधे. सगळे मिळून १६९. उदबत्तीने भोकं पाडलेला कागद ठेवून त्यावरून रांगोळी फिरवली की ठिपके आपोआप उमटतात, पण तो आजीच्या मते 'ज्यांना मोजता येत नाही त्यांचा धंदा'. ती दोन बोटांचं अंतर धरून हाताने टाकते. एखादी ओळ अर्ध्या ठिपक्याने जरी सरकली तरी पहिल्या पाच पाकळ्या ठीक येतात आणि सहावी मिटतच नाही. तोवर गुडघ्यांचं जे व्हायचं ते झालेलं असतं. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पहाटे चारला, उकिडवं बसून हे सगळं केल्यावर कुणी 'रंग छान आहेत' म्हणालं, तर ते लग्नात जेवून 'पत्रावळ छान होती' म्हणण्यासारखंच आहे.

"कुणीच काही बोललं नाही?" आजीचा आवाज पडला.

आणि मी माती खाल्ली. म्हणालो, "नाही कसं? समोरचा एक दाढीवाला आहे. तो म्हणाला, डावीकडच्या पाकळीची रेघ जरा जाड झालीय."

पलीकडे शांतता. मग आजी हळूच म्हणाली, "बरोबर आहे त्याचं."

"काय?"

"अरे, शेजारच्या कारट्याने तेवढ्यात लवंगी माळ लावली. मी दचकले आणि चिमूट सुटली. रंग भरल्यावर वरून पांढरी रेघ पुन्हा ओढतात ना, तेव्हा. हाताने सारखी केली, पण जाणकाराला दिसणारच. काय करतो हा मुलगा?"

"टेस्टिंग," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं.

"तरीच," आजी म्हणाली.

त्या रात्री मी निवांत झोपलो. एका थापेत तीन माणसं सुखी झाली होती, असा माझा हिशोब होता. त्यात दाढीवाल्याला धरलं होतं.

मंगळवारी लक्ष्मीपूजन. सकाळी फोटो आला तो थेट नावासकट : 'दाढीवाल्याला दाखव.' या वेळी उंबऱ्यापाशी वेलपत्ती आणि तिथून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं. ऑफिसात पुन्हा बदाम, टाळ्या, 'किती गोड!', 'ही बाळाची पावलं का?'. दाढीवाला म्हणाला, "झेर शोन."

आता माझ्यावर समीक्षा लिहायची पाळी आली. लंच टाइममध्ये सँडविच बाजूला ठेवून मी फोटो मोठा करून बसलो. एवढ्या बारकाईने मी दहावीचं भूमितीचं पुस्तकही पाहिलेलं नाही. हळूहळू काही गोष्टी दिसायला लागल्या. रेघ जिथे येऊन मिळते तिथे बारीकशी गाठ असते. आजीची गाठ दर वेळी पानाच्या देठाखाली लपलेली. हिरवा रंग एकसारखा पसरलेला, कारण ती रंगात पांढरी रांगोळी मिसळते. नुसता रंग चिमटीतून गुठळ्यांनी पडतो. आमच्याकडे डब्यातला हिरवा नेहमी फिका का असायचा, याचं उत्तर मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी, जर्मन चीज खाता खाता मिळालं. दोष मात्र सापडेना. शेवटी एक सापडला आणि मी घाईघाईने फोनवर सांगून मोकळा झालो.

"आजी, तो म्हणतो, पावलं बाहेरच्या दिशेने आहेत."

पलीकडून भांडं पडल्याचा आवाज आला. "लक्ष्मी घराबाहेर चाललीय म्हणतो? आज? लक्ष्मीपूजनाला?"

मागे आईचा, काकूचा आणि बहुधा शेजारच्या दोघींचा एकत्र 'अगंबाई' ऐकू आला. काका टॉर्च घेऊन उंबऱ्याकडे धावला. मी फोन कानापासून दूर करून फोटो पुन्हा पाहिला. तो मी उलटा धरला होता. टाचा उंबऱ्याकडे, बोटं देवाकडे, सगळं जिथल्या तिथे. मी दाढीवाल्याच्या वतीने माफी मागितली, त्याने फोन उलटा धरला होता असं सांगितलं. आजी 'हं' म्हणाली. आजीचा 'हं' ही फार वाईट गोष्ट असते. आजोबा गेल्यापासून तो कुणासाठी वापरला गेला नव्हता.

पाडव्याला पुन्हा १५ ते ८ आली. सहा टोकांवर सहा पणत्या. खाली लिहिलं होतं : 'यात एक चूक मुद्दाम ठेवली आहे. दाढीवाल्याला शोधायला सांग.'

मी रात्री एक वाजेपर्यंत शोधत होतो. ठिपके मोजायची एक सोपी रीत आहे. सगळे १६९ मोजत बसायचं नाही. षटकोनाच्या सहा कडा बघायच्या, प्रत्येक कडेवर आठच ठिपके यायला हवेत. पण पुरी झालेल्या रांगोळीत ठिपके रेघांच्या पोटात गेलेले असतात, त्यामुळे रेघा कुठे वळतात तेवढंच मोजायचं. सहाही कडांवर आठ. सहाही पाकळ्या मिटलेल्या. रेघ सगळीकडे एकाच जाडीची. चूक पणत्यांखाली असेल, असा मला दाट संशय आला. आईला गुपचूप मेसेज करून एक पणती उचलून बघायला सांगितली, तर ती म्हणाली, "आजी तिथेच खुर्ची टाकून बसलीय. म्हणते, कोण पणती उचलतंय ते बघते."

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ऑफिसात गेल्या गेल्या मी फोटो दाढीवाल्यासमोर धरला आणि विचारलं, यात काही चूक दिसते का? त्याने चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग गोंधळून माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "नाही. झेर शोन."

मी हात टेकले. फोन करून म्हणालो, "आजी, त्याला चूक सापडली नाही."

"कशी सापडेल? नाहीच आहे."

"अगं पण तू तर..."

"ज्याला पाकळीची जाड रेघ दिसते, तो पावलं उलटी म्हणत नाही. त्याला टाच कुठली आणि बोटं कुठली, एवढं कळतं. गधड्या, ती रेघ तूच पाहिलीस ना?"

"पाहिली नव्हती गं," मी म्हणालो. "ठोकून दिलं होतं."

आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी पिऊन आली आणि म्हणाली, "मग तो बिचारा खरं काय म्हणाला?"

"तिन्ही वेळा एकच. झेर शोन. म्हणजे खूप सुंदर."

"मग हेच सांगायचंस की," आजी म्हणाली. आणि वर शिक्षा सुनावली : शनिवारी सुट्टी असते ना, मग ५ ते ३ ची रांगोळी काढायची आणि फोटो पाठवायचा. 'एवढुशी तर आहे. एकोणीस ठिपके.'

रांगोळी इथे कुठली मिळायला? आधी कणीक घेतली. ती चिमटीत चिकटून बसते आणि मग एकदम ढेकूळ होऊन पडते. मीठ बरं निघालं, पण ते भराभर सुटतं आणि दाणे फरशीवर गडगडत जातात. दारापुढे काढायची सोय नव्हती. आमच्या भागात 'केअरवोखे' असते, भाडेकरूंनी पाळीपाळीने जिना झाडायचा, आणि या आठवड्यात पाळी होती दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची. त्यांच्या झाडूपुढे मीठ टाकायची माझी छाती नाही. म्हणून स्वयंपाकघरात, फ्रिजपुढे. तीन, चार, पाच, चार, तीन. पाचव्या पाकळीपर्यंत सगळं झकास जमलं. सहावी मिटेना. सगळं पुसून पुन्हा. तिसऱ्या खेपेला मिटली. अडीच तास गेले होते, डावा पाय नव्हताच, आणि समोर नुसत्या मिठाची, पांढरीफटक, पण सहा पाकळ्यांची रांगोळी होती. मी स्टुलावर चढून बरोब्बर वरून फोटो काढला. अंगठा येऊ दिला नाही.

पाठवला आणि फोनकडे बघत बसलो. निळ्या खुणा उमटल्या. 'टायपिंग' दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती : गाठ कुठे लपवली, चौथी ओळ किंचित वर का गेली, दोन बोटांचं अंतर मिठाने कसं धरलं.

आजीचा मेसेज आला. आधी एक बदाम. मग दोन टाळ्या. मग : 'काय सुंदर रंग! झेर शोन.'