तूऽझ्या दारी

हिंदी भजनाचं मराठी करून द्यायचं म्हटलं की सदाशिव पेठेतल्या भजनी मंडळाला वाटतं, दोन्हीकडे देवनागरी, मग अवघड ते काय? अवघड असते ती एक मात्रा. नमुन्यादाखल मीच रचलेली ही ओळ घ्या: 'द्वार तिहारे आया हूँ मैं'. लघू अक्षराची एक, गुरूची दोन, असं मोजलं की आठ आणि आठ, सोळा. केरव्यात मांडी ठोकून बसते.

सरळ मराठी होतं 'तुझ्या दारी मी आलो आहे'. अर्थ चोख, मात्रा सतरा. शिवाय समेवर येतो बिचारा लघू 'तु'. त्याला तिथे दोन मात्रा भराव्या लागतात, म्हणून बायका 'तूऽझ्या' म्हणतात आणि देवाला दटावल्यासारखं वाटतं. तबलजी काही बोलत नाही, नुसतं बघतो. पुण्यात तेवढं पुरतं.

मग कात्री 'आहे'वर. मराठीला तो नसला तरी चालतं, हिंदीचं मात्र 'हूँ'वाचून अडतं. 'आलो पांडुरंगा दारी' करून पाहावं, तर मोजायला पंधराच, आणि आठव्या मात्रेवर श्वास घेतला की 'पांडु' अलीकडे, 'गा' पलीकडे, 'रं' मधोमध चिरलेला. विठ्ठलाचे असे दोन तुकडे आजींना खपत नाहीत. शेवटी जुना 'तुझिया' कामाला येतो: 'दारी तुझिया आलो देवा'. आठ, आठ. समेवर गुरू 'दा', शब्द मधे तुटत नाही आणि शेवटी 'वा' असल्यामुळे सूर हवा तेवढा लांबवता येतो.

एवढ्यात कुणीतरी विचारतंच, "अहो, आम्ही बायका. 'आलो' कसं म्हणायचं?" शंका रास्त आहे. एकटीनं 'आले' म्हणावं, मात्रा तेवढ्याच. पण मंडळानं मिळून म्हटलं की कर्ता 'आम्ही', आणि 'आम्ही आलो' बायकांनाही चालतं. मूळचा एकटा भक्त मात्र घोळक्यात हरवतो, हे कबूल.

पुढची ओळ 'खाली झोली लाया हूँ मैं'. आता 'देवा'शी यमक हवं. लगेच 'मेवा' धावत येतो. त्याला दारातच अडवावं, कारण झोळी रिकामी आहे आणि हा ती भरून ठेवणार. 'सेवा' तर बोलावल्याशिवायच येते. 'झोळी रितीच घेउन आलो' अर्थाला आणि मात्रांना चोख, पण यमक गेलं. उरतं ते 'झोळीमध्ये नाही ठेवा'. इथेही सोळा. 'मध्ये' जरा बसथांब्यावरचं वाटतं, पण 'नाही'ला ठसका मिळतो, म्हणून मी ते ठेवते.

कागदावर वाचून हे कळत नाही. पेटी न घेता, हातानं ठेका देत चारदा म्हणावं. जिथे जीभ अडखळते तिथली मात्रा पुन्हा मोजावी. आणि तालमीला चारनंतरच जावं. एक ते चारच्या मधे पेटी उघडली तर खालच्या मजल्यावरून येणाऱ्या ओळी कुठल्याच वृत्तात बसत नाहीत.