उत्तरं पाठ करा, प्रश्न कशाला वाचता?

नीटची तयारी करताय ना? मग पहिली टीप घ्या: प्रश्न वाचू नका, उगाच वेळ जातो. नुसती अक्षरं पाठ करा, एक बी, दोन डी, तीन ए, आणि ती पण रात्री एक वाजता, खणखणीत आवाजात, रूममेट झोपलेला असतानाच. म्हापशाच्या आमच्या हॉस्टेलात वाळपईहून आलेला माझा रूममेट हेच करतो, मला आता स्वप्नात सुद्धा 'सदतीस सी' ऐकू येतं.

दुसरी टीप, क्लासवाल्याने दिलेली झेरॉक्स म्हणजे वेद.

तिसरी, 'का?' असं कुणाला विचारू नका, वाईट दिसतं.

चौथी, अक्षराने दगा दिला तर उत्तर पाठ करा. आता हे नीट ऐका. झेरॉक्सवर प्रश्न होता, वायर ओढून लांबी दुप्पट केली तर रेझिस्टन्स किती? चारपट, बी. परवाच्या टेस्टला सेट वेगळा, पर्याय इकडचे तिकडे, बी समोर 'दुप्पट'. ह्याने डोळे मिटून बी! पुढचाच प्रश्न, त्याच धातूची, तेवढ्याच जाडीची पण दुप्पट लांब दुसरी वायर घेतली तर? इथे बाबाला 'चारपट' आठवलं, ते ठोकलं. बरोबर उत्तर दुप्पट. बरोबरला चार, चुकीला उणे एक, म्हणजे दोन प्रश्नांत आठ मिळायचे तिथे उणे दोन. आणि वर मलाच सांगतो, 'दादा, पेपरच चुकीचा होता'!

मग त्याला धरून मेसमध्ये नेला आणि कणकेचा गोळा हातात दिला. ओढ म्हटलं. लांब झाला तसा बारीक पण झाला ना? पीठ तेवढंच आहे रे. वायर ओढली की धातू तेवढाच राहतो, म्हणून लांबी दुप्पट तर आडवा छेद निम्मा. लांबीने दोनपट, छेदाने आणखी दोनपट, झाले चार. दुसरी वायर आणलीस तर ती बारीक झालेलीच नाही, मग चार कुठून येणार?

गप्प बसला. मग म्हटलं, ओढून ओढून त्रिज्याच निम्मी केली तर? झेरॉक्सवर हा प्रश्न नव्हता. बोटाने टेबलावर लिहीत बसला, छेद पाव, म्हणजे लांबी चौपट, चार गुणिले चार... 'दादा, सोळा?' सोळाच. पाच मिनिटं लागली फक्त.

आता उपरोध वगैरे पुरे. अरे, आईबापांनी काजूच्या सीझनचे पैसे बाजूला ठेवून तुम्हाला हॉस्टेलात धाडलंय, ते बी-डी-ए घोकायला? आणि झेरॉक्स वाटणाऱ्यांनो, एवढी फी घेता, अक्षराच्या बाजूला कारणाच्या दोन ओळी छापायला शाई संपते काय तुमची?