गोड बातमी आधी कुणाला?

"मावशी, सातवा आठवडा चालू आहे. सासूबाई म्हणतात, तिसरा महिना संपेपर्यंत माहेरीसुद्धा बोलायचं नाही. तुमच्याकडे इंग्लंडमध्येही बारा आठवडे थांबतात ना? मग थांबू का?" कोथरूडहून भाचीचा मेसेज.

थांब, पण सगळ्यांसाठी नको. उद्या काही बिनसलं तर ज्यांना तू आपणहून फोन करशील, त्यांना आत्ताच सांग. तुझी आई त्यांत येते, हे मला माहीत आहे. बाकीच्यांना बाराव्या आठवड्याच्या सुमाराचा एनटी स्कॅन झाल्यावर कळलं तरी चालेल.

इंग्लंडमध्ये लोक थांबतात, हे खरं. पण रक्तस्राव किंवा दुखणं नसेल तर इथल्या सरकारी आरोग्यसेवेत पहिली सोनोग्राफीच साधारण अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान होते. तोवर हातात किटवरच्या दोन रेघांपलीकडे काही नसतं. पुण्यात डॉक्टर बहुधा सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करतात. गर्भ पिशवीत आहे ना आणि ठोके लागतात का, हे तेव्हाच कळतं. आठव्या आठवड्याच्या सुमारास ठोके नीट दिसले आणि रक्तस्राव नसला, तर पुढे गर्भपात होण्याची शक्यता बरीच खाली येते. वय जास्त असेल किंवा आधी गर्भपात झाले असतील तर ती तितकी खाली येत नाही. म्हणजे मँचेस्टरमधली बाई बाराव्या आठवड्याला ज्या खात्रीची वाट बघते, तिचा मोठा भाग तुला एक-दोन आठवड्यांत मिळणार आहे.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. लक्षात आलेल्या शंभर गर्भारपणांत दहा ते वीस वेळा गर्भपात होतो आणि त्यातले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच होतात. सांगितल्याने नजर लागते, हे मात्र मला पटत नाही. माझी एक वर्गमैत्रीण पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ती म्हणते, "सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांच्या गडबडीमुळे होतात. ते गर्भ राहतानाच ठरलेलं असतं. पण पेशंटबरोबर आलेल्या बायका मला पपई आणि ॲक्टिव्हाबद्दलच विचारतात." शिवाय सासूबाईंच्या काळात दुसरी पाळी चुकली की मग शंका यायची आणि डॉक्टरकडे जाईपर्यंत दोन महिने होत आलेले असायचे. गप्प राहायचे चार-पाच आठवडेच उरत. आता किटवर चौथ्या-पाचव्या आठवड्यात कळतं, त्यामुळे मौन सात-आठ आठवड्यांचं होतं. तेही उलट्या सर्वांत जास्त असतात त्याच काळात.

आणि जुनी रीतही अगदी कुणालाच न सांगण्याची नव्हती. आमच्याकडे चोरओटी व्हायची. डोहाळजेवणाच्या कितीतरी आधी, घरातल्या चार बायका दार लोटून ओटी भरायच्या. बाहेर बभ्रा नाही, पण तिला एकटीला ठेवलेलं नाही.

आता इथली एक हकिगत सांगते. आमच्या ओळखीतली पुण्याची मुलगी, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली. दोघांनी ठरवून कुणालाच सांगितलं नव्हतं. नवव्या आठवड्यात तिला थोडे डाग दिसले, नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात होता. तिने मला फोन केला आणि पहिलं वाक्य होतं, "ताई, मी प्रेग्नंट आहे, आणि मला ब्लीडिंग होतंय." रुग्णालयाच्या सुरुवातीच्या गर्भारपणासाठीच्या विभागात आम्ही गेलो. सोनोग्राफीत गर्भ सात आठवड्यांइतकाच भरला, ठोके नव्हते. दुसऱ्या तज्ज्ञानेही बघून खात्री केली. मग तिच्यापुढे तीन वाटा ठेवल्या: आपोआप पडायची वाट बघायची, गोळ्या घ्यायच्या, किंवा पिशवी साफ करून घ्यायची. तिने गोळ्या घेतल्या. घरी पाठवताना नर्सने दोनदा बजावलं की तासाला दोन मोठे पॅड भिजायला लागले, ताप आला किंवा चक्कर आली तर लगेच परत या. हे बघायला घरात दुसरं माणूस लागतं. त्या रात्री मी तिच्याकडे राहिले.

दुसऱ्या दिवशी तिने आईला फोन लावला. दिवस गेल्याची आणि ते गेल्याची बातमी एकाच वाक्यात. आई बराच वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, "अगं, मला थोडे दिवस आनंद तरी होऊ द्यायचास." मुलीला सगळ्यात जास्त ते लागलं, असं तिने मला नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तरी गर्भ टिकला नसता, हे स्पष्टच आहे. पण त्या फोनवर आईला निदान काय विचारायचं ते सुचलं असतं.

या मुलीच्या बाबतीत गर्भ पिशवीतच होता. पण तो नळीत राहिलेला असेल, तर एका बाजूला सणकून दुखणं, खांद्याच्या टोकाशी दुखणं, भोवळ, असं सहाव्या ते आठव्या आठवड्यात होऊ शकतं आणि तेव्हा तास-दोन तासही मोलाचे असतात. म्हणून पहिली सोनोग्राफी होईपर्यंत गाडी काढू शकेल असं जवळचं एक माणूस ठाऊक असलेलं हवंच. नवरा हिंजवडीला आणि तू कोथरूडला, तर शेजारची काकू त्याच्याआधी पोचेल.

पुण्याची अडचण वेगळी आहे आणि ती मी कमी लेखत नाही. इथे एकीला सांगितलं तर ते तिच्यापाशीच राहतं. तिथे आत्याला सांगितलं की संध्याकाळपर्यंत घराण्याच्या ग्रुपवर लाडू फिरतात. माझ्या नणंदेने पाचव्या आठवड्यात सगळ्यांना सांगितलं होतं, दहाव्यात गेलं. पुढे कितीतरी दिवस, न कळलेलं कुणीतरी सोसायटीच्या जिन्यात "कितवा?" विचारायचं. तिने मग मोठ्या जावेला नावांची यादी दिली आणि त्या जावेने सगळ्यांना कळवलं: झालंय असं, तिला फोन करू नका. हे काम कोण करेल ते आधीच ठरवलेलं बरं.

हे सगळं मी फोनवर बोलत होते तेव्हा भाचीच्या घरी तिच्या चुलतसासूबाई बसल्या होत्या. त्यांना वाटलं विषय गर्भारपणात काम करण्याचा आहे. "आम्ही नवव्या महिन्यापर्यंत विहिरीचं पाणी ओढलं," म्हणाल्या. काही वेळाने हळूच म्हणाल्या, त्यांचेही दोन गेले होते, सासूशिवाय कुणाला माहीत नाही. भाचीच्या सासूबाई इतकी वर्षं त्यांच्या जाऊ, पण त्यांनाही हे तेव्हाच कळलं. माहेरी सांगायला सासूबाईंनी त्याच संध्याकाळी हो म्हटलं.

ऑफिसचं मात्र मला ठामपणे सांगता येत नाही. न्यूझीलंडने 2021 मध्ये गर्भपातानंतर तीन दिवसांची पगारी रजा दिली तेव्हा जगभर बातम्या झाल्या. भारतात 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यातच सहा आठवड्यांची पगारी रजा होती आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालेलं हवं आणि डॉक्टरचा कागद हवा. पण ती रजा मागायची तर एचआरला कळणारच, आणि तुझं अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे. ज्या टीम लीडने स्वतः दोन बाळंतपणांच्या रजा काढल्या आहेत, तिला उलट्यांपुरतं सांगून घरून काम मिळतं का बघ. मॅनेजरला कधी सांगायचं, ते तिच्याशीच बोलून ठरव. तुमच्या कंपनीत काय चालतं ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.